डायल शून्यावर, तरी बुश चुरा: मोटर-पंप अलाइनमेंटमध्ये शून्य कुठलं धरायचं?

प्रश्न: आमच्याकडे ४५ किलोवॅट, २९०० आरपीएमची मोटर आणि ९० अंशांच्या गरम पाण्याचा पंप आहे. कपलिंग पिन-बुशचं. रबरी बुश दोन-तीन महिन्यांत चुरा होतात, पंपाचं मेकॅनिकल सील गळायला लागतं आणि मोटरचं कपलिंगकडचं बेअरिंग दोनदा बदललं. फिटर दर वेळी डायल लावून वर-खाली शून्य दाखवतो, मीही स्वतः पाहिलंय. मग चूक कुठे आहे?

उत्तर:

तुमचा फिटर खोटं बोलत नाही. त्याने दाखवलेलं शून्य डायलचं आहे, शाफ्टचं नाही. डायल ज्या दांड्यावर बसतो तो दांडा स्वतःच्या वजनाने वाकतो, आणि मशीन थंड असताना जुळवलेले शाफ्ट गरम झाल्यावर जागा सोडतात. या दोन गोष्टी हिशेबात धरल्या तर तुमच्यासारख्या सेटवर थंड मशीनला, खालच्या बाजूला, डायलने शून्य दाखवणं हीच चूक ठरते. तिथे उणे ०.२० मिलिमीटरच्या आसपास आकडा हवा. तो कसा येतो ते सांगतो.

आधी डायल काय मोजतो ते पाहू. डायल धरणारा दांडा, म्हणजे ब्रॅकेट, कपलिंगच्या पंपाकडच्या हबवर घट्ट बांधलाय आणि डायलची पिन मोटरच्या हबच्या घेरावर टेकली आहे असं धरा. पुढचे सगळे आकडे याच मांडणीचे आहेत. पिन आत दाबली गेली की आकडा अधिक, बाहेर आली की उणे. वरच्या बिंदूला डायल शून्य करून दोन्ही शाफ्ट एकत्र अर्धा फेरा फिरवले. मोटर पंपापेक्षा खाली असेल तर खालच्या बाजूला मोटरचा घेर पंपाच्या अक्षापासून जास्त लांब असतो, म्हणून पिन दाबली जाते आणि आकडा अधिक येतो. हा आकडा शाफ्टमधल्या फरकाच्या दुप्पट असतो, कारण वर जेवढी जागा वाढली तेवढीच खाली कमी झाली. डायलवर ०.१० मिलिमीटर दिसलं तर मोटर ०.०५ ने खाली आहे. एवढं बहुतेक फिटरना माहीत असतं. शाफ्ट एकत्रच का फिरवायचे हे मात्र पुष्कळांना सांगता येत नाही. एकत्र फिरवल्यावर पिन हबच्या एकाच ठिपक्यावर टेकून राहते, त्यामुळे हब थोडा वाकडा बसलेला असो किंवा त्याच्यावर ओरखडे असोत, ते रीडिंगमध्ये येत नाही. एकच शाफ्ट फिरवलात तर हबचा रनआउटसुद्धा अलाइनमेंट म्हणून मोजला जातो.

आता वाकणारा दांडा. पिन-बुश कपलिंगवर ब्रॅकेट दोन्ही हबवरून पलीकडे न्यावा लागतो आणि त्याच्या टोकाला एक किंवा दोन डायल लोंबकळत असतात. वरच्या बाजूला असताना दांडा खाली झुकतो, म्हणजे पिन घेरावर दाबली जाते. खालच्या बाजूला आल्यावर तो पुन्हा खालीच झुकतो, पण आता त्या दिशेला घेर नाही, म्हणून पिन मोकळी होते. शाफ्ट तंतोतंत एका रेषेत असले तरी डायल खाली उणे आकडा दाखवतो. मॅग्नेटिक बेस आणि बारीक सळयांची जोडणी असेल तर हा आकडा सहज उणे ०.१० येतो. शॉपमध्ये याला सॅग म्हणतात आणि बरेच जण तो 'किरकोळ असतो' म्हणून सोडून देतात. तो किरकोळ आहे की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायला दहा मिनिटं लागतात. एक जाड, सरळ, न वाकणारा पाइप घ्या. ब्रॅकेट आणि डायल कपलिंगवर होते तेवढ्याच अंतरावर त्यावर बांधा. पाइप आडवा धरून वर शून्य करा, अर्धा फेरा फिरवा आणि खालचा आकडा लिहून ठेवा. ब्रॅकेटची लांबी, डायलची संख्या किंवा क्लॅम्प बदलला की हा आकडा बदलतो. म्हणून सॅग ब्रॅकेटवरच पेंटने लिहून ठेवलेला बरा.

तुमच्या ब्रॅकेटचा सॅग उणे ०.१० आहे असं समजू. फिटरने डायल वर-खाली शून्यावर आणला. खरा आकडा मिळवायला दिसलेल्यातून सॅग वजा करायचा: शून्य वजा उणे ०.१०, म्हणजे अधिक ०.१०. त्याची निम्मी किंमत ०.०५. तुमची मोटर दर वेळी पाच शतांशाने खाली बसवली जात होती, आणि तीही शून्य दाखवून.

उरलेला वाटा उष्णतेचा. पंप पायांवर उभा आहे, शाफ्टचा मध्य पायांपासून साधारण २२५ मिलिमीटरवर आहे असं धरू. तुमच्या मोटरची फ्रेम बहुधा २२५ नंबरची असेल, आणि त्या नंबराचा अर्थच शाफ्टच्या मध्याची उंची २२५ मिलिमीटर असा असतो. बिडाचं ओतीव लोखंड दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०११ मिलिमीटर वाढतं. पाणी ९० अंशांचं असलं तरी पंपाचे पाय तेवढे तापत नाहीत. पायापासून शाफ्टपर्यंत तीन-चार ठिकाणी तापमान घेऊन सरासरी काढावी. ती थंड स्थितीपेक्षा ४० अंशांनी वाढली असेल तर पंपाचा शाफ्ट ०.०११ गुणिले ०.२२५ गुणिले ४०, म्हणजे जवळजवळ ०.१० वर चढतो. मोटरही तापते, पण तिच्या पायांची सरासरी वाढ २० अंश धरली तर तिचा शाफ्ट ०.०५ वर जातो. फरक ०.०५, आणि पंप वर. म्हणजे थंडीत ०.०५ ने खाली असलेली मोटर चालू स्थितीत ०.१० ने खाली जाते.

२९०० आरपीएमला ही चूक मोठी आहे. साध्या लवचीक कपलिंगला ३००० च्या आसपासच्या वेगावर शाफ्टमधला फरक ०.०३ असेल तर चांगलं काम, ०.०६ पर्यंत चालवून घेण्याजोगं, असं व्यवहारात मानतात. १५०० च्या मोटरला याच्या दीडपट-दुप्पट सूट मिळते. तुमचं ०.१० दोन्हीकडून बाहेर आहे. इथे कपलिंगच्या कॅटलॉगमधला आकडा दाखवून कोणीतरी म्हणेल की 'कंपनीने याच्या कितीतरी पट जास्त चालेल असं लिहिलंय'. ते लिहिलेलं असतं आणि खरंही असतं, पण ती मर्यादा कपलिंग तुटू नये म्हणून आहे. बेअरिंग आणि सील काय सोसतात याच्याशी कॅटलॉग लिहिणाऱ्याला देणंघेणं नसतं.

तुमची तिन्ही लक्षणं याच ०.१० मधून कशी येतात ते पाहिलं की पुढच्या वेळी मशीन उघडताना काय शोधायचं ते कळेल. दोन अक्ष एका रेषेत नसतात तेव्हा कपलिंगची प्रत्येक पिन एका फेऱ्यात एकदा तिच्या भोकात एका बाजूला सरकते आणि परत येते. बुश प्रत्येक फेऱ्याला दाबला जातो आणि सुटतो. २९०० आरपीएमला दिवसाचे ४१ लाखांहून जास्त वेळा. दाबताना रबरात जाणारी सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. रबर आतून तापतं, कडक होतं, तडे जातात आणि कपलिंग गार्डखाली काळी भुकटी जमते. ही भुकटी पंप बंद न करता दिसणारी सगळ्यात स्वस्त खूण आहे.

रबर दाबायला जोर लागतो आणि तो जोर दोन्ही शाफ्ट एकमेकांवर टाकतात. तो पहिला येतो तो कपलिंगला लागून असलेल्या बेअरिंगवर, म्हणून तुमचं तेच बेअरिंग दोनदा गेलं. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. भार सव्वापट झाला तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. पुढच्या वेळी काढलेलं बेअरिंग फेकण्याआधी कापून बाहेरच्या रिंगमधला बॉलचा माग बघा. आडव्या मोटरमध्ये फक्त रोटरच्या वजनाचा भार असेल तर बाहेरच्या रिंगवर ठळक माग खालच्या बाजूला दिसायला हवा. तो वर किंवा आडव्या बाजूला असेल तर रोटरला कोणीतरी त्या दिशेला ढकलत होतं. मात्र काढण्याआधी रिंगवर वरच्या बाजूची खूण केलेली असली पाहिजे, नाहीतर हा पुरावा वाया जातो.

सीलचं दुखणं वेगळं आहे. ढकललेला शाफ्ट किंचित वाकलेला राहतो आणि वाकलेल्याच स्थितीत फिरतो. जमिनीवरून पाहिलं तर वाकण्याची दिशा तीच राहते, पण शाफ्टबरोबर फिरणाऱ्या धातूला प्रत्येक फेऱ्यात एकदा ताण आणि एकदा दाब सोसावा लागतो. सीलचं फिरणारं तोंड स्थिर तोंडाशी समांतर राहत नाही. स्प्रिंग किंवा बेलो दर फेऱ्याला पुढे-मागे होऊन ते सांभाळायचा प्रयत्न करते, मध्ये पाण्याची फिल्म एका बाजूला उघडते आणि गळती सुरू होते. नवीन सील टाकल्यावर काही आठवडे ठीक आणि मग पुन्हा गळती, हा क्रम दिसला की सील विकणाऱ्याला बोल लावण्याआधी डायल लावून बघावा.

व्हायब्रेशनबद्दल एक सावधगिरी. मिसअलाइनमेंटमुळे फेऱ्याच्या दुप्पट वारंवारतेला, तुमच्याकडे सुमारे ९७ हर्ट्झला, आकडा वाढतो. कपलिंगच्या जोडावर कोन असेल तर शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही वाढतो. हे बऱ्याचदा खरं ठरतं, नेहमी नाही. कधी कधी एकमेकांना रेटून धरलेले शाफ्ट उलट कमी थरथरतात, कारण रेटल्यामुळे बेअरिंगमधली ढिलाई संपते. व्हायब्रेशन कमी आहे म्हणून अलाइनमेंट ठीक आहे असं समजू नका.

आता प्रत्यक्ष काम. डायल लावण्याआधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत, नाहीतर पुढचं सगळं गणित वाळूवर उभं राहतं.

पहिली म्हणजे सॉफ्ट फूट. मोटरचे चार पाय आणि बेसप्लेटच्या चार जागा क्वचितच एका पातळीत असतात. एक पाय अधांतरी असेल तर बोल्ट आवळताना मोटरची बॉडीच मुरगळते आणि शाफ्ट हलतो. अशा वेळी एकदा आलेलं रीडिंग दुसऱ्यांदा येत नाही आणि फिटर डायलला शिव्या घालतो. चारही बोल्ट आवळून ठेवा, एका पायावर डायल उभा लावा आणि फक्त त्याचाच बोल्ट सैल करा. पाय ०.०५ पेक्षा जास्त उचलला तर त्याच्याखाली जागा आहे. पण लगेच शिम, म्हणजे जागा भरणारा पातळ पत्रा, घुसवू नका. आधी फीलर गेज चारही कोपऱ्यांतून घालून बघा. सगळीकडे सारखी जागा असेल तर तेवढ्या जाडीचं शिम बसतं. एका कोपऱ्यात ०.१५ आणि दुसऱ्यात शून्य असेल तर पाय किंवा बेस तिरका आहे. तिथे सरळ शिम टाकल्यावर पाय स्प्रिंगसारखा वागतो. मग शिमच्या पायऱ्या कराव्या लागतात किंवा बेस मशीन करून घ्यावा लागतो. गंज, रंगाचे पापुद्रे आणि दुमडलेली जुनी शिम काढून टाकली की अर्धा सॉफ्ट फूट जातो. आणि एका पायाखाली शिमची थप्पी नको. तीन-चार पातळ पत्र्यांऐवजी एक जाड आणि एक पातळ.

दुसरी गोष्ट पाइपचा ताण. गरम पाण्याच्या पंपावर याची शक्यता जास्त, कारण लाइन गरम झाल्यावर वाढते आणि पंपाला ढकलते. पंप थंड असताना ब्रॅकेट मोटरवर बांधा, दोन डायल पंपाच्या हबवर, एक उभा आणि एक आडवा लावा आणि सक्शन-डिलिव्हरी फ्लँजचे बोल्ट एकेक करून सैल करा. सुया ०.०५ पेक्षा जास्त हलल्या तर आधी पाइप सरळ करा. ताण असलेल्या पंपाला मोटर जुळवणं म्हणजे हलत्या नावेत बसून तराजू धरणं. थंडीतली ही तपासणी लाइन गरम झाल्यावरचा रेटा पकडत नाही. त्यासाठी सपोर्ट आणि एक्स्पान्शनचे जोड नीट आहेत का ते स्वतंत्र पाहावं लागतं.

मग रीडिंग. बुश काढून ठेवा, एक-दोन पिना सैल राहू द्या. कपलिंग घट्ट जोडलेलं असताना घेतलेलं रीडिंग शाफ्टच्या अलाइनमेंटचं नसून वाकलेल्या शाफ्टचं असतं. दोन डायल: एक मोटरच्या हबच्या घेरावर, दुसरा त्याच हबच्या मागच्या तोंडावर, कारण दोन हबमधल्या चार-पाच मिलिमीटरच्या फटीत डायल मावत नाही. मागच्या तोंडावर पिनचं टोक पंपाकडे असतं. तोंड पंपापासून लांब गेलं तर आकडा अधिक, जवळ आलं तर उणे. सुया मधल्या प्रवासावर ठेवा. शाफ्ट नेहमी एकाच दिशेने फिरवा, पुढे गेला म्हणून मागे आणू नका. खालचा डायल आरशात वाचताना चिन्ह उलटं वाचलं जाण्याचा धोका असतो, तिथे दोघांनी वाचावं. तोंडाच्या डायलसाठी दोन्ही शाफ्ट दर थांब्याला एकाच बाजूला हलकेच ढकलून घ्या, नाहीतर बेअरिंगमधली अक्षीय ढिलाई कोन म्हणून मोजली जाते.

एका अशाच सेटचे आकडे घेऊन हिशेब करू. मोटरच्या मागे उभं राहून पंपाकडे पाहतोय, म्हणजे डावं-उजवं आपलंच.

घेरावर: वर ०, उजवीकडे +०.२५, खाली +०.३४, डावीकडे +०.०९.
तोंडावर: वर ०, उजवीकडे −०.०१, खाली −०.०६, डावीकडे −०.०५.

कामाला लागण्याआधी एक पडताळा: उजवं अधिक डावं म्हणजे खालचा आकडा. घेरावर ०.२५ आणि ०.०९ मिळून ०.३४, बरोबर. तोंडावर ०.०१ आणि ०.०५ मिळून ०.०६, बरोबर. एक-दोन शतांशापेक्षा जास्त फरक निघाला किंवा डायल वर परत आल्यावर शून्य दाखवत नसेल तर पुढचं गणित करू नका. काहीतरी ढिलं आहे, बहुधा ब्रॅकेट.

आधी उभी दिशा. घेराच्या ०.३४ मधून उणे ०.१० सॅग वजा केला की खरा आकडा ०.४४. निम्मा ०.२२. कपलिंगच्या जागी मोटर ०.२२ ने खाली आहे. तोंडावर खाली उणे ०.०६, म्हणजे हबचा तळ पंपाच्या जवळ आहे आणि वर फट जास्त आहे. डायलने ज्या वर्तुळावर हे मोजलं त्याचा व्यास २०० मिलिमीटर. तर कोन ०.०६ भागिले २००, म्हणजे दर मीटरला ०.३ मिलिमीटर. वर फट जास्त असेल तर मोटरची शेपूट खाली झुकलेली असते. कपलिंगपासून पुढच्या पायाचा बोल्ट २६० मिलिमीटरवर, मागचा ५७० वर. पुढच्या पायाला या उताराने आणखी ०.०८ आणि मागच्याला ०.१७ खाली नेलं. पुढचे पाय ०.३० ने आणि मागचे ०.३९ ने खाली. तोंडाच्या आकड्याची निम्मी किंमत घेतली नाही हे लक्षात ठेवा. तोंडावर दिसणारा फरक पूर्ण व्यासावरचा असतो. इथे अर्ध करणं ही नेहमी होणारी चूक आहे.

त्यात उष्णतेचं ०.०५ मिळवा, कारण गरम होताना पंप मोटरपेक्षा तेवढा जास्त चढणार आहे. शिम: पुढच्या दोन्ही पायांखाली ०.३५, मागच्या दोन्हींखाली ०.४४. मिळतील त्या जाड्यांमधून ०.३५ आणि ०.४५ घातलं तर चालतं.

आता आडवी दिशा. इथे एक गंमत आहे. सॅग दोन्ही बाजूंना सारखाच लागतो, म्हणून फक्त फरक घ्यायचा. उजवीकडे ०.२५, डावीकडे ०.०९, फरक ०.१६, निम्मा ०.०८. मोटर कपलिंगजवळ ०.०८ ने उजवीकडे आहे. घाई असलेला माणूस इथे अख्खी मोटर ०.०८ डावीकडे सरकवतो. तोंडाचे आकडे मात्र सांगतात की डावीकडे फट ०.०४ ने कमी आहे, म्हणजे दर मीटरला ०.२ चा कोन आहे आणि मोटरची शेपूट डावीकडे वळलेली आहे. पुढच्या पायापर्यंत येताना हा कोन ०.०५ खाऊन टाकतो: ०.०८ मधून ०.०५ गेले, पुढचे पाय फक्त ०.०३ ने उजवीकडे. मागच्या पायापर्यंत ०.११ जातात, म्हणून मागचे पाय ०.०३ ने डावीकडे. मोटर सरकवायचीच नाही, जागच्या जागी फिरवायची आहे: पुढचे पाय ०.०३ डावीकडे, मागचे ०.०३ उजवीकडे. अख्खी मोटर ढकलली असती तर घेराचा डायल शून्य झाला असता, कोन तसाच राहिला असता, आणि 'डायल तर शून्य आहे' हे वाक्य पुन्हा ऐकायला मिळालं असतं.

क्रम असा ठेवा: आधी उभं, मग आडवं. शिम घातल्यावर बोल्ट आवळून पूर्ण रीडिंग परत घ्या, कारण बोल्ट सैल करताना मोटर आडवी सरकलेलीच असते. आडवं हलवताना पुढच्या आणि मागच्या पायाला एकेक डायल टेकवून ठेवा आणि जॅक बोल्टने ढकला. जॅक बोल्ट नसतील तर ते वेल्ड करून घ्या. हातोड्याने ०.०३ मारता येत नाही, मारलेला ठोका बेअरिंग मात्र मोजतं. आवळताना चारही बोल्ट एकाच क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. शेवटचा टप्पा संपला की डायल पुन्हा एकदा पूर्ण फिरवा. अलाइनमेंट बोल्ट आवळण्याआधीचं धरू नका.

आणि आता तो आकडा. थंडीत मोटर ०.०५ ने वर हवी. म्हणून खरा डायलचा आकडा खाली उणे ०.१०. त्यात सॅगचे उणे ०.१० मिळाले, म्हणजे सुई खाली उणे ०.२० दाखवायला हवी आणि दोन्ही बाजूंना उणे ०.१०. तोंडाच्या डायलवर चारही ठिकाणी शून्य. तुमच्या फिटरच्या शून्यापासून हे ०.२० लांब आहे, शाफ्टच्या भाषेत ०.१०, म्हणजे वर काढलेली चूक तेवढीच. हे उद्दिष्ट आकड्यात लिहून मशीनशेजारी लावा. 'शून्यावर आणा' असा आदेश देण्यापेक्षा 'खाली उणे ०.२०, बाजूंना उणे ०.१०, अधिक-उणे दोन-तीन शतांश' असं लिहिलं की वाद राहत नाही.

माझे आकडे जसेच्या तसे वापरू नका. तुमचा सॅग ०.०४ निघू शकतो, पायांची तापमानवाढ ४० ऐवजी २५ निघू शकते. पंप पायांऐवजी शाफ्टच्या मध्यरेषेवर टेकवलेला असेल, गरम तेलाच्या प्रोसेस पंपांमध्ये असतो तसा, तर पंपाचा शाफ्ट फारसा वर चढत नाही आणि मोटरच वर जाते. तिथे मोटर थंडीत किंचित खाली बसवावी लागते, म्हणजे उष्णतेचं चिन्हच उलटतं. मोटरची बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर ती बिडाच्या साधारण दुप्पट वाढते. गरम पंप थांबवून लगेच डायल लावला तर पडताळा मिळतो, पण ब्रॅकेट बांधेपर्यंत मशीन बरंच थंड झालेलं असतं. तो आकडा दिशा दाखवण्यापुरता धरा. लेझरने केलंत तर सॅगचा प्रश्न संपतो, सॉफ्ट फूट, पाइपचा ताण आणि उष्णता मात्र तशाच राहतात. तसंच दोन शाफ्टमधलं अंतर कपलिंगच्या व्यासापेक्षा मोठं असेल, म्हणजे लांब स्पेसर असेल, तर घेर-तोंडाची ही पद्धत सोडून दोन्ही हबच्या घेरावर उलटसुलट डायल लावण्याची पद्धत जास्त अचूक ठरते, कारण छोट्या व्यासावर मोजलेला कोन लांबवर नेला की चूकही तेवढीच मोठी होते.

पुढच्या बंदच्या वेळी हे केलंत की नवे बुश टाकून मशीन चालवा, दोन आठवड्यांनी गार्डखाली पांढरा कागद ठेवून एक दिवस थांबा आणि काळी भुकटी जमते का ते बघा. जमत असेल तर उणे ०.२० बरोबर असूनही कपलिंगमध्येच दोष आहे: पिनांची भोकं ओव्हल झाली आहेत का, पिना एकाच मापाच्या आहेत का, आणि हब शाफ्टवर सैल बसलाय का ते तपासा. झिजलेल्या भोकांत नवे बुश घातले तर भार चार-पाच पिनांऐवजी दोनच पिना वाहतात, आणि तिथे डायल कितीही नीट जुळवला तरी त्या दोन बुशांचा चुरा व्हायचा तो होतोच.